धोतरावरचे निळे ओघळ: नीळ कपडा पांढरा करत नाही, मग करते तरी काय?

जोतिबाच्या चैत्र यात्रेला आठ दिवस होते. शेजारच्या आक्का सकाळीच दोन धोतरं हातावर टाकून आमच्या दारात उभ्या राहिल्या. "दादा, ह्ये बगा की काय झालंय. आण्णा म्हणत्यात, असलं नेसून डोंगरावर जाणार न्हाई." धोतर उलगडून बघितलं, तर मधोमध तिरक्या निळ्या रेघा, खालच्या काठाला बोटभर रुंदीचा गडद पट्टा आणि इथंतिथं शाईचे थेंब उडावेत तसे ठिपके. दुसऱ्या धोतराची गतही तीच.

आक्कांचा हिशेब साधा होता. धोतरं वर्षभर ट्रंकेत पडून पिवळसर झाली होती. निळीनं कपडा पांढरा होतो, म्हणून जास्त पिवळ्या कपड्याला जास्त नीळ. माझं सगळं नोकरीचं आयुष्य इचलकरंजीत सुती कापड पांढरं करण्याच्या कामात गेलं. तरी हा हिशेब चुकतो कुठं, हे आक्कांना एका वाक्यात सांगता येईना. बसून सगळं उलगडावं लागलं. तेच इथं लिहितो आहे, कारण हा घोळ एकट्या आक्कांचा नाही.

कपडा पिवळा पडतो म्हणजे काय होतं?

सूत मुळात पांढरंशुभ्र नसतंच. कापसाचा स्वतःचा रंग सायीसारखा. कारखान्यात कापड आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढतात, मग हायड्रोजन पेरॉक्साईडनं त्यातला उरलासुरला रंग मारतात, तेव्हा कुठं ते पांढरं होतं. घरी आल्यावर त्याचा परत पिवळेपणाकडे प्रवास सुरू होतो.

त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अंगाचं तेल. घामाबरोबर त्वचेचं तेल सुतात मुरतं. धुताना ते पूर्ण निघत नाही आणि हवेशी संयोग होऊन हळूहळू पिवळं पडतं. खोबरेल तेलाची जुनी बाटली आठवा, तिच्या तोंडाशी साचलेला थर पिवळा आणि चिकट होतो. तेच सुताच्या धाग्यात होतं. धोतर ट्रंकेत जाताना स्वच्छ दिसत होतं आणि बाहेर निघाल्यावर पिवळं दिसलं, ते यामुळंच. त्यात बोअरच्या जड पाण्याची भर पडते. अशा पाण्यात साबणाचा न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि कपड्यातच बसून राहतो. पाण्यात लोह असेल तर त्याची तांबूस झाक वेगळी. कडक तापलेल्या इस्त्रीनंही सूत पिवळसर होतं.

म्हणजे पिवळेपणा ही कपड्यात खरोखर असलेली वस्तू आहे. ती तेल आहे, साका आहे, करपलेलं सूत आहे. नीळ यातलं काहीही काढत नाही.

मग पांढरं दिसतं कसं?

मंडईतला तराजू डोळ्यांसमोर आणा. पांढरा उजेड म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड एकत्र. सोयीसाठी तीनच धरू, तांबडा, हिरवा आणि निळा. पांढरा कपडा हे तिन्ही जवळजवळ सारखेच परत पाठवतो, म्हणून डोळ्याला तो पांढरा वाटतो. पिवळा पडलेला कपडा निळा उजेड थोडा गिळून टाकतो. निळ्याचं पारडं हलकं होतं आणि आपण म्हणतो, पिवळं दिसतंय.

हे पारडं परत समान करायचे दोन मार्ग आहेत. हलक्या पारड्यात भर घालायची, नाहीतर जड पारड्यातलं थोडं काढून घ्यायचं. नीळ दुसरा मार्ग धरते. निळा रंग निळा का दिसतो? कारण तो तांबड्या-पिवळ्या बाजूचा उजेड गिळतो. त्याचे बारीक कण धाग्यावर बसले की ते जास्तीचा तांबडा-पिवळा उजेड खातात आणि तिन्ही पारडी पुन्हा एका पातळीवर येतात. फक्त ही पातळी आधीपेक्षा खालची असते.

समजायला सोपे पडावेत म्हणून काही आकडे घेतो. नव्या धोतरानं शंभरातले तांबडा 90, हिरवा 90 आणि निळा 90 भाग उजेड परत पाठवला. पिवळं पडल्यावर तेच 88, 86 आणि 74 झालं. यात निळ्याची तूट दिसतेच. बेताची नीळ दिल्यावर होईल 79, 79 आणि 73. पिवळेपणा बराचसा गेला, पण एकूण उजेड 248 वरून 231 वर उतरला. धोतर आता आधीपेक्षा किंचित काळोखं आहे, तरी आपल्याला जास्त पांढरं वाटतं. कारण पांढरेपणा ठरवताना आपली नजर उजेडाच्या थोड्याशा घटीपेक्षा पिवळ्या झाकेवर जास्त अडते. किंचित निळसर झाक तर तिला उलट अधिक स्वच्छ वाटते. ही गोष्ट कारखान्यांनाही माहीत असते, म्हणून धोतराच्या कापडाला शेवटच्या पाण्यात निळसर-जांभळी झाक देण्याची पद्धत तिथंही आहे.

आता आक्कांसारखी चार पट नीळ घातली, तर आकडे 58, 62 आणि 70 असे काहीतरी होतील. निळा सगळ्यात वर गेला म्हणून कपडा निळा दिसणार आणि एकूण उजेड 190 वर आला म्हणून मळकट राखाडीही दिसणार. "जास्त नीळ म्हणजे जास्त पांढरं" हा हिशेब इथं मोडतो. तराजू समान झाल्यावर टाकलेला प्रत्येक चिमूट नुसता उजेड कमी करतो.

यातूनच निळीची मर्यादाही कळते. कपडा सगळीकडे सारखा आणि थोडासाच पिवळा असेल, तरच नीळ तो झाकते. कॉलर, काख किंवा टोपीची आतली पट्टी अशा जागी पिवळेपणा दाट असतो. तिथं नीळ पडली की पिवळ्यावर निळं चढतं आणि हिरवट, मळकट डाग दिसतो. यात्रेतल्या गुलालाच्या गुलाबी झाकेलाही निळीचा उपयोग नाही. तिथं झाक जांभळी होते, एवढंच. आधी डाग काढायचे, मगच नीळ, हा क्रम उलटा करून चालत नाही.

डिटर्जंट पावडरमध्ये असतंच की काहीतरी, मग नीळ कशाला?

हा प्रश्न बरोबर आहे. बहुतेक पावडरींमध्ये ब्राइटनर असतो. तो रंग नाही. उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांना तो शोषतो आणि निळा उजेड म्हणून बाहेर टाकतो. म्हणजे तो पहिला मार्ग धरतो, हलक्या पारड्यात खरोखर भर घालतो. म्हणूनच ब्राइटनर लागलेला शर्ट उन्हात झळकतो. घरातल्या दिव्याच्या उजेडात अतिनील किरण फारसे नसतात, तिथं त्याचा प्रभाव कमी पडतो. नीळ मात्र कुठल्याही उजेडात सारखंच काम करते, कारण ती फक्त काढून घेते.

चांगल्या पावडरीनं नियमित धुतलेल्या कपड्याला निळीची गरज क्वचितच पडते. साबणाच्या वडीनं धुतलेलं धोतर, टोपी, बंडी, देवघरातली वस्त्रं किंवा ट्रंकेतून निघालेलं जुनं सुती कापड यांना नीळ खुलते. शाळेच्या पांढऱ्या टेरिकॉट शर्टाचं गणित वेगळं आहे. त्यातला पॉलिस्टरचा धागा पाण्यातली नीळ फारशी धरत नाही, सुती धागा धरतो. अशा कपड्यावर निळीसाठी पैसे घालू नका.

"नीळ" म्हणजे नक्की कुठली?

नाव निळीच्या झाडावरून आलं असलं, तरी आज पुडीत मिळणारी नीळ झाडाची नसते. ती बहुतेक वेळा अल्ट्रामरीन असते. अल्ट्रामरीन म्हणजे चिकणमाती, सोडा आणि गंधक भट्टीत भाजून केलेली निळी भुकटी. एकेकाळी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून मिळवायचे आणि तो सोन्याच्या तोडीचा महाग असे. 1828 च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या बनवायची युक्ती सापडली आणि हळूहळू राजवाड्यातली वस्तू धुण्याच्या बादलीत उतरली.

अल्ट्रामरीनबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. ती पाण्यात विरघळत नाही. मीठ विरघळतं तशी नाही, हळद कालवावी तशी ती पाण्यात नुसती तरंगत राहते. बादली थोडा वेळ स्थिर ठेवली की कण तळाला बसतात. ओघळांची निम्मी कहाणी इथंच आहे.

बाटलीतली नीळ बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या जांभळट-निळ्या रंगाची असते. तिचे कण तळाला बसत नाहीत. पण दाट थेंब थेट ओल्या कपड्यावर पडला, तर तो पसरायच्या आत सुतात शिरतो आणि मध्ये गडद, कडेला फिकट असा ठिपका उठतो.

तुमच्याकडची कुठली ते ओळखायचं असेल, तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर किंवा दोन थेंब नीळ टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला निळा थर आणि वर जवळजवळ स्वच्छ पाणी असेल तर ती कणांची नीळ. पाणी वरपासून खालपर्यंत सारखंच रंगीत राहिलं तर विरघळणारी. खात्रीसाठी तळाच्या थरावर थोडं व्हिनेगर घाला. अल्ट्रामरीन असेल तर निळा रंग हळूहळू उतरतो आणि खराब अंड्यासारखा बारीक वास येतो. तो तिच्यातल्या गंधकाचा. ही परीक्षा आपल्याला पुढं कामी येणार आहे.

डाग वाचता येतात

आक्कांना मी विचारलं, "नीळ घातली कशी?" त्यांचं उत्तर असं होतं. अर्धी बादली पाणी, त्यात दोन्ही धोतरं, आण्णांचा नेहरू शर्ट आणि दोन टोप्या घडीसकट आधीच बुडवलेल्या. वरून पुडी फोडून भुकटी भुरभुरली, हातानं ढवळलं, मग "मुरू दे" म्हणून अर्धा तास ठेवलं. त्यांच्या सासूबाई नीळ नेहमी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात पिळायच्या. त्या दिवशी फडकं सापडलं नाही.

हे ऐकून धोतर परत हातात घेतलं. आता प्रत्येक डाग कुठून आला ते सांगता येत होतं.

शाईसारखे ठिपके म्हणजे भुकटीचे गोळे. कोरडी भुकटी पाण्यावर पडली की तिच्या बारीक गुठळ्या होतात. बाहेरचा थर ओला होतो, आतला कोरडाच राहतो. अशी गुठळी कपड्यावर टेकली आणि हाताखाली फुटली की तिथंच सगळी नीळ रेटली जाते. अशा ठिपक्याची कड तीक्ष्ण असते. पुरचुंडीचा उपयोग इथं होता. फडक्यातून फक्त बारीक कण बाहेर यायचे, गुठळी आतच अडकायची.

तिरक्या रेघांमध्ये एक गंमत होती. धोतर घडीवर धरलं, तर एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूच्या रेघेवर बरोबर बसत होती, आरशातल्यासारखी. म्हणजे कापड चुरगळलेलं असताना घडीच्या कडांवर नीळ बसली आणि आतल्या भागापर्यंत पाणी गेलंच नाही. अर्धा तास स्थिर ठेवल्यानं कण वरच्या पदरांवरून घसरत खोबणीत साचले. ढवळण्याचं काम पहिल्या मिनिटातच संपतं, पुढचे एकोणतीस मिनिटं नीळ फक्त तळाकडे जात असते.

खालच्या काठाचा पट्टा बादलीत पडलेलाच नव्हता. तो दोरीवर पडला. धोतर न पिळता वाळत घातलं, पाणी वरून खाली झिरपत गेलं आणि आपल्याबरोबर निळीचे कण घेऊन गेलं. काठाशी पाणी सगळ्यात शेवटी वाळतं, म्हणून तिथं कण साठत राहिले. भिंतीवर ओल सुकताना तिच्या कडेला जशी गडद रेघ राहते, तसंच. शर्टाच्या शिवणी आणि टोपीच्या दुमडलेल्या पट्टीतही हेच होतं, कारण जाड जागा पाणी जास्त वेळ धरून ठेवतात. कोल्हापुरातल्या पावसाळ्यात हा पट्टा जास्त दिसतो, कारण कपडे घरात दोन-दोन दिवस ओले असतात आणि कणांना खाली सरकायला भरपूर वेळ मिळतो.

चौथा प्रकार आक्कांच्या धोतरावर नव्हता, पण अनेक घरांत असतो. ठिपका नाही, रेघ नाही, तरी सगळा कपडा मलूल राखाडी. तो एका दिवसाच्या चुकीनं होत नाही. दर धुण्याला नीळ दिली आणि आधीची पूर्ण निघाली नाही, की थरावर थर चढत जातो. आठवड्याला दिसत नाही, सहा महिन्यांनी नव्या धोतराशेजारी ठेवलं की दिसतं.

पडलेले ओघळ काढायचे कसे?

पहिला नियम म्हणजे इस्त्री करायची नाही आणि डाग असताना पुन्हा नीळ तर अजिबात द्यायची नाही. आक्कांनी "दुसरीकडंबी निळं करून सारखं करू का?" असं विचारलं होतं. त्यानं ओघळ लपला असता, पण धोतर आभाळी रंगाचं झालं असतं.

पुडीची नीळ कण म्हणून अडकलेली असते, सुताला रंग चढलेला नसतो. त्यामुळं बरीचशी नुसत्या धुण्यानंच निघते. आम्ही दोन्ही धोतरं कोमट पाण्यात डिटर्जंट घालून तासभर भिजवली, मग ठिपक्यांवर हातानं हलकं चोळून धुतली आणि चार पाण्यांतून खंगाळली. ब्रशनं खसाखसा घासू नका, कण अजून आत जातात आणि सूतही फुगतं. ठिपके बहुतेक गेले, रेघा फिकट झाल्या, काठाचा पट्टा मात्र तसाच राहिला.

मग व्हिनेगर काढलं. एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, त्यात फक्त डागाचा भाग बुडवला, अंगणात, मोकळ्या हवेत. पाचेक मिनिटांत तो अंड्याचा बारीक वास आला. आक्कांनी नाकाला पदर लावला. मला मात्र बरं वाटलं, कारण वास आला म्हणजे ही अल्ट्रामरीनच आहे आणि ती मोडते आहे. तासाभरानं पट्टा निम्म्यानं फिका झाला. स्वच्छ पाण्यात धुऊन तेच पुन्हा एकदा केलं.

एक इशारा देतो आणि तो गंभीरपणे घ्या. व्हिनेगर किंवा लिंबू आणि कपड्याचं क्लोरीनवालं ब्लीच एकाच भांड्यात कधीही आणू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. तसंही ब्लीच अल्ट्रामरीनवर चालत नाही, त्यामुळं ते आणायचं कारणच नाही. आणखी एक गोष्ट. व्हिनेगरऐवजी लिंबू वापरलं तर खूप खंगाळा. व्हिनेगरचं आम्ल वाळताना उडून जातं, लिंबाचं कपड्यातच राहतं आणि इस्त्रीच्या तापानं सूत कमजोर करतं.

बाटलीच्या विरघळणाऱ्या निळीवर व्हिनेगरचा भरवसा नाही. तिथं वेळ महत्त्वाची. डाग ओला असतानाच कपडा भरपूर साध्या पाण्यात टाका, पाणी रंगीत झालं की बदला, असं चार-पाच वेळा करा. सुतावर या रंगाची पकड ढिली असते, पण वाळून बसला की ती घट्ट होत जाते. वाळलाच असेल तर गरम पाण्यात डिटर्जंट आणि ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, घालून काही तास भिजवा.

काही निळींत लोहापासून केलेला प्रशियन निळा रंग असतो. त्याची तऱ्हा उलटी. कपड्यात साबण किंवा सोडा राहिला, तर हा रंग मोडतो आणि त्यातलं लोह गंजाच्या तांबड्या ठिपक्यांच्या रूपात मागे उरतं, इस्त्रीखाली तर लगेच. परीक्षा सोपी आहे, पेल्यातल्या निळ्या पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाका. निळं जाऊन तपकिरी गढूळ आलं तर ती नीळ साबणाच्या वडीनं धुणाऱ्या घरात वापरू नये.

मग द्यायची कशी?

आण्णांच्या धोतराची दुसरी पाळी आम्ही मिळून केली. यावेळी सुरुवात पिवळेपणापासून. धोतर रात्रभर गरम पाण्यात डिटर्जंट आणि सोडियम परकार्बोनेट घालून भिजवलं. सकाळी पाणी चहासारखं झालं होतं. वर्षभराचं तेल त्या पाण्यात होतं. निम्मं काम नीळ न घालताच झालं.

मग खंगाळणं. शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन बोटांनी चोळलं, बुळबुळीत लागायला नको, फेसही नको. साबण उरलेला असेल तर नीळ त्या साक्याला चिकटते आणि सुतावर डाग होऊन बसते.

नीळ बादलीत नाही, आधी मगात. मगभर पाण्यात पाव चमच्याहूनही कमी भुकटी पुरचुंडीत बांधून पिळली. मग हे पाणी दुसऱ्या जुन्या मलमलीतून गाळून दहा लिटर पाण्याच्या बादलीत थोडं थोडं घातलं, दर वेळी ढवळून. प्रमाणाचं माप म्हणजे पांढरा कप. बादलीतलं पाणी कपात घेतलं, तर आभाळाची अगदी पुसट झाक दिसावी. कपाचा तळ निळा दिसला की नीळ जास्त झाली, अर्धं पाणी ओतून साधं पाणी घालायचं. पुड्यांचा दर्जा वेगवेगळा असतो, त्यामुळं चमच्यापेक्षा कपावर विश्वास ठेवा. बाटलीची नीळ असेल तर थेंबांनी मोजा, झाकणानं नाही, आणि तीही मगात पातळ करूनच.

धोतर पिळून, पूर्ण उलगडून, झटकून एकटंच बुडवलं. मिनिटभर दोन्ही हातांनी सतत वरखाली, एकाच जागी थांबायचं नाही. मग काढलं, हलक्या हातानं दाबून पाणी काढलं आणि लगेच उलगडून टाकलं. दुसऱ्या धोतराआधी बादली परत तळापासून ढवळली, कारण कण खाली बसलेले असतात. ओलं असताना कापड गडद दिसतं, तरी ओलं धोतर जेमतेमच निळसर वाटायला हवं. ओलं असताना छान निळं दिसत असेल तर वाळल्यावर नक्की जास्त झालेलं असणार.

वाळत घालताना दोरीवर अर्ध्यात टाकलं आणि वीस मिनिटांनी टोकं बदलली, म्हणजे पाणी एकाच काठाकडे जाणार नाही. टोप्यांना खळ द्यायची असेल, तर ती नीळ देऊन झाल्यावर, गाळलेली आणि पातळ. दाट खळीत नीळ मिसळली की ती गुठळ्या धरते आणि टोपीच्या घडीवर रेघ उठते.

मशीनमध्ये घातली तर?

पुडी मशीनमध्ये नको. कण ड्रमच्या भोकांत आणि रबराच्या घडीत बसतात आणि पुढच्या धुण्यात भलत्याच कपड्यावर उतरतात. बाटलीची नीळ चालते, पण शेवटच्या खंगाळणीत, ड्रममध्ये पाणी भरल्यावर, मगभर पाण्यात पातळ करून. कोरड्या कपड्यांवर ओतली तर ठिपके पक्के. बऱ्याच मशीनमध्ये नेमक्या त्या वेळी झाकण उघडता येत नाही. तेव्हा कपडे बाहेर काढून बादलीतच नीळ दिलेली बरी.

किती वेळा द्यावी, हे आक्कांनी शेवटी विचारलंच. त्यांच्या सासूबाई दर धुण्याला द्यायच्या. मी म्हटलं, धोतर पांढऱ्या कागदाशेजारी धरा. कागदापेक्षा पिवळं दिसलं तरच, नाहीतर नको.

यात्रेच्या दिवशी आण्णा त्यातलंच एक धोतर नेसून डोंगरावर गेले. संध्याकाळी परतले तेव्हा ते गुलालानं गुलाबी झालं होतं, ते सगळ्यांचंच होतं. काठावरची निळी रेघ अजून केसाएवढी दिसत होती. नीळ न देता झालेल्या तिसऱ्या धुण्यात ती गेली.